चौकट-समकालन
येणाऱ्या चिन्हांच्या अखंड प्रवाहात चौकटीचा आरंभ शोधण्याची क्रिया. ‘नाविक’ उपग्रहसंदेशात 600 चिन्हांची प्रत्येक उपचौकट `EB90` या 16 बिटांच्या ज्ञात क्रमाने सुरू होते. सरकता सहसंबंधक, म्हणजे जुळणी मोजणारा घटक, हा क्रम एकेक चिन्ह पुढे सरकवत ताडून पाहतो. कलासंदिग्धतेमुळे सर्व बिटे उलटलेली असू शकतात, म्हणून उलटा क्रमही ग्राह्य धरावा लागतो. यादृच्छिक चिन्हांत एका स्थानी फसवी जुळणी होण्याची संभाव्यता त्यामुळे 1/32,768, तर संपूर्ण उपचौकटीत सुमारे 1.8 टक्के ठरते. क्षीण संकेतासाठी एका बिटाची चूक चालवून घेतल्यास ती जवळजवळ 27 टक्क्यांवर जाते. म्हणून 600 चिन्हांनंतर तोच क्रम पुन्हा आढळल्याशिवाय समकालन मान्य करू नये. मात्र पुनरावृत्त मजकूर हीही कसोटी फसवू शकतो. तेव्हा निर्णय 24 बिटांच्या चूकतपासणीवरच सोपवावा लागतो.