कर्मचाऱ्याचे अ‍ॅक्सेस कार्ड हरवले तर तक्रारीत काय लिहावे, कार्ड बंद कसे होते?

भिवंडी-वाडा रस्त्यावरील अंबाडीसारख्या गावांतून अनेक जण आसपासच्या गोदामांत शिफ्टने कामाला जातात. गळ्यातले कार्ड हे त्यांचे ओळखपत्र असते, हजेरीही त्यावरच लागते आणि गोदामाची दारेही त्यानेच उघडतात. ते हरवले की बहुतेकांना पहिली काळजी वाटते ती नव्या कार्डासाठी कापल्या जाणाऱ्या पैशांची. खरी घाई मात्र जुने कार्ड बंद करण्याची असते.

कार्डात नेमके काय असते?

साध्या कार्डात एक चिप आणि तांब्याच्या तारेची बारीक गुंडाळी असते. दाराजवळच्या रीडरला ते फक्त एक क्रमांक कळवते. त्या क्रमांकाला कोणते दार कधी उघडायचे, याची यादी दाराच्या कंट्रोलरमध्ये असते. त्यामुळे कार्ड हाती नसतानाही ते बंद करता येते. यादीतला तो क्रमांक रद्द केला की पुरते.

तक्रारीत वेळ कशी लिहावी?

‘काल रात्री हरवले’ एवढे लिहून भागत नाही. तीन वेळा वेगवेगळ्या द्याव्यात: कार्ड शेवटचे कुठे वापरले, शेवटचे कधी पाहिले आणि नसल्याचे कधी लक्षात आले. आठवत नसेल तर अंदाज खरा म्हणून लिहू नये, ‘अंदाजे’ असे स्पष्ट लिहावे.

समजा, दुपारी 2 ते रात्री 10 या शिफ्टमधील एक कर्मचारी 10.07 वाजता कार्ड दाखवून बाहेर पडली. 10.25 वाजता अंबाडी नाक्यावर रिक्षात बसताना कार्ड गळ्यात होते. सकाळी 6.40 वाजता ते नसल्याचे लक्षात आले. तिने लगेच सुरक्षा कक्षाला फोन केला आणि मग सुपरवायझरला असा मेसेज पाठवला:

> ‘माझे कार्ड हरवले आहे. कर्मचारी क्रमांक (…). शेवटचा वापर: मुख्य गेट, रात्री 10.07. शेवटचे पाहिले: अंबाडी नाका, 10.25. लक्षात आले: सकाळी 6.40. कार्डाने मुख्य गेट, लॉकर रूम, पॅकिंग हॉल आणि मागचे स्टोअर उघडते. कृपया कार्ड बंद करून वेळ कळवावी.’

कार्ड 6.55 वाजता बंद झाले. म्हणजे साडेआठ तास ते कोणाच्याही हाती चालू अवस्थेत असू शकले असते. नोंदी तपासताना मात्र 10.07 पासून पाहाव्यात, कारण तिचा स्वतःचा शेवटचा वापर तोच होता. त्यानंतर त्या क्रमांकावर एकही नोंद दिसली तर ती तिची नव्हे, असे म्हणायला तिच्या तक्रारीचा आधार मिळतो.

बंद करताना

सुरक्षा विभागाने कर्मचाऱ्याचे खाते पुसू नये. कार्डाची स्थिती ‘हरवले’ अशी करावी. त्यामुळे जुन्या नोंदी राहतात आणि कोणी ते कार्ड दाखवले तर नाकारल्याची नोंद होते. पुढची पायरी अनेकदा राहून जाते: बदल प्रत्येक कंट्रोलरपर्यंत पोहोचला का, हे पाहणे. एखाद्या कंट्रोलरचे नेटवर्क तुटलेले असेल तर तो आपल्याकडच्या जुन्या यादीनुसार दार उघडत राहतो. संगणकावर ‘बंद’ दिसते, दार मात्र उघडते.

कोणती दारे उघडली असती?

याचे उत्तर कर्मचाऱ्याच्या आठवणीवर सोडू नये. त्याला रोजची तीन-चार दारे आठवतात. पण कधीतरी बदलीवर काम करताना मिळालेली परवानगी तशीच राहिलेली असू शकते. म्हणून सुरक्षा विभागाने प्रणालीतून त्या क्रमांकाची पूर्ण यादी काढावी. वरच्या उदाहरणात मागच्या स्टोअरचे कुलूप बॅटरीवर चालणारे आणि नेटवर्कशी न जोडलेले असेल, तर तिथे कोणीतरी प्रत्यक्ष जाऊन यादी बदलावी लागते. त्याच्या नोंदीही तिथेच साठतात. तोवर त्या दाराला साधे कुलूप लावणे हाच उपाय. पिन किंवा बोटाचा ठसाही लागणाऱ्या दारांचा धोका कमी असतो.

कार्ड सापडले तर?

ते पुन्हा सुरू करू नये. 125 किलोहर्ट्‌झवर चालणाऱ्या जुन्या कार्डांची नक्कल काही सेकंदांत होते. ‘मायफेअर क्लासिक’ या प्रचलित कार्डाची सुरक्षाही 2008 मध्ये नेदरलँड्सच्या नाइमेखेन येथील रॅडबाउड विद्यापीठाच्या संशोधकांनी भेदून दाखवली. जुना क्रमांक रद्दच राहिला तर त्याची नक्कलही निरुपयोगी ठरते. म्हणून नव्या कार्डाला नवा क्रमांक हवा.

पोलिसांकडे हरवल्याची नोंद केली तरी कार्ड बंद होत नाही. ते काम कंपनीचेच. कर्मचाऱ्याने तक्रारीची आणि कार्ड बंद झाल्याच्या वेळेची लेखी पोच जपून ठेवावी. पुढे माल कमी भरला आणि नोंदीत त्याचा क्रमांक निघाला, तर तीच पोच त्याच्या कामी येते.