स्पोर्ट्स वॉचवरचे ट्रेनिंग लोड, रिकव्हरी टाइम आणि व्हीओटू मॅक्स हे आकडे येतात कुठून?

नवं स्पोर्ट्स वॉच घालून पहिल्या काही धावा झाल्या की स्क्रीनवर तीन नवे आकडे दिसू लागतात. ट्रेनिंग लोड ८१, रिकव्हरी टाइम ३६ तास, VO2 Max ४०. हे तीन वेगवेगळ्या चाचण्यांचे निकाल आहेत असं वाटतं. प्रत्यक्षात घड्याळ मोजतं ते मुख्यतः दोनच गोष्टी : हृदयाचे ठोके आणि धावण्याचा वेग. बाकी सगळा हिशेब असतो आणि तो हिशेब मालकाने भरलेल्या किंवा घड्याळाने स्वतःच गृहीत धरलेल्या एका आकड्यावर उभा असतो. तो आकडा म्हणजे कमाल हृदयगती, म्हणजेच पूर्ण ताकद लावल्यावर हृदय एका मिनिटात जास्तीत जास्त किती ठोके देऊ शकतं ती संख्या. ती चुकली की तिन्ही आकडे चुकतात.

तीन आकड्यांचा अर्थ काय?

व्हीओटू मॅक्स म्हणजे जोरदार व्यायामात शरीर एका मिनिटात जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं, याचं माप. ते वजनाच्या दर किलोमागे मिलिलिटरमध्ये सांगतात. प्रयोगशाळेत तोंडावर मास्क लावून, ट्रेडमिलचा वेग किंवा चढ वाढवत नेऊन, श्वासातला ऑक्सिजन प्रत्यक्ष मोजतात. घड्याळाकडे मास्क नसतो, त्यामुळे ते फक्त अंदाज बांधतं.

ट्रेनिंग लोड म्हणजे एका व्यायामाचा हृदयावर आणि श्वसनावर किती ताण पडला याची बेरीज. त्यात दोन गोष्टी येतात : व्यायाम किती वेळ चालला आणि त्या वेळात ठोके कमाल पातळीच्या किती जवळ होते. ठोके जितके वर, तितकं त्या प्रत्येक मिनिटाचं वजन जास्त. बरीच घड्याळं गेल्या सात दिवसांचा लोड साधारण चार आठवड्यांच्या सरासरीशी ताडून पाहतात आणि ताण वाढतोय की कमी होतोय ते सांगतात.

रिकव्हरी टाइम हा लोडवरूनच काढला जातो. काही मॉडेल्स त्यात झोप आणि दिवसभराचा ताणही धरतात. '३६ तास' याचा अर्थ दीड दिवस पलंगावर पडून राहायचं असा नाही. पुढचा जोरदार व्यायाम पूर्ण ताजेपणाने करता यावा यासाठी लागणारा तो अंदाजे वेळ आहे. मधल्या काळात चालणं किंवा हलकं जॉगिंग करायला हरकत नसते.

एका धावेचा हिशेब

समजा, ४० वर्षांचा एक पुरुष सपाट रस्त्यावर किलोमीटरला ८ मिनिटं या वेगाने ४० मिनिटं धावला. ठोके सरासरी १५० राहिले. विश्रांतीच्या वेळी त्याचे ठोके ६० असतात.

हा वेग मिनिटाला १२५ मीटर होतो. सपाट रस्त्यावर धावण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या प्रचलित सूत्रानुसार या वेगाला दर किलोमागे मिनिटाला सुमारे २८.५ मिलिलिटर ऑक्सिजन लागतो. आता प्रश्न एवढाच की, हा त्याच्या क्षमतेचा किती हिस्सा आहे?

घड्याळात कमाल हृदयगती भरलेली नसेल, तर ते सहसा वयावरून ती ठरवतं. सर्वांत परिचित सूत्र म्हणजे २२० वजा वय. इथे उत्तर येतं १८०. त्या मानाने १५० ठोके म्हणजे ८३ टक्के. ठोके आणि ऑक्सिजन यांच्या ढोबळ नात्यानुसार ते कमाल ऑक्सिजन वापराच्या सुमारे ७२ टक्के भरतात. २८.५ हे ७२ टक्के असतील तर शंभर टक्के किती? सुमारे ४०. झाला व्हीओटू मॅक्सचा अंदाज.

पण या माणसाची खरी कमाल हृदयगती १९४ असेल तर? मग १५० ठोके म्हणजे ७७ टक्केच आणि ऑक्सिजनच्या हिशेबाने सुमारे ६३ टक्के. त्याच धावेवरून व्हीओटू मॅक्स येतो सुमारे ४५.

लोडचंही तेच होतं. व्यायामशास्त्रज्ञ एरिक बॅनिस्टर यांनी मांडलेल्या पद्धतीने या धावेचा लोड १८० धरून ८१ येतो आणि १९४ धरून ६२. म्हणजे चुकीच्या आकड्यामुळे लोड जवळपास ३० टक्के फुगला आणि त्यासोबत रिकव्हरी टाइमही लांबला. प्रत्येक कंपनीचं सूत्र वेगळं असल्याने स्क्रीनवर हेच आकडे दिसणार नाहीत, पण चुकीची दिशा हीच राहते.

चूक किती असू शकते?

२२० वजा वय हे सूत्र गटाच्या सरासरीसाठी आहे. एकाच वयाच्या माणसांमध्ये १०-१२ ठोक्यांचा फरक अगदी सर्रास आढळतो. खरी कमाल गती सूत्रापेक्षा कमी असेल, तर चूक उलट्या बाजूने होते आणि ती जास्त महाग पडते. घड्याळ दमवणाऱ्या धावेला सोपी समजतं, रिकव्हरी टाइम कमी दाखवतं आणि व्हीओटू मॅक्स वाढवून सांगतं. त्यावर विसंबून नवशिका धावक आठवड्याला जास्त जोरदार धावा करू लागतो.

हे ओळखायची सोपी खूण म्हणजे बोलणं. धावताना पूर्ण वाक्यं सहज बोलता येत असतील आणि घड्याळ मात्र 'अतितीव्र' झोन दाखवत असेल, तर कमाल गती बहुधा कमी भरलेली आहे. धाप लागून दोन शब्दही नीट निघत नसताना मधला झोन दिसत असेल, तर ती जास्त भरलेली आहे. पाच किलोमीटरच्या शर्यतीच्या शेवटी किंवा चढावर जोर लावून धावल्यावर छातीच्या पट्ट्याने नोंदवलेला सर्वांत मोठा आकडा वयाच्या सूत्रापेक्षा अधिक भरवशाचा असतो. हृदयविकार, रक्तदाब किंवा छातीत दुखण्याचा त्रास असल्यास डॉक्टरांना विचारल्याशिवाय असा जोर लावू नये.

घड्याळाला काय कळत नाही?

मनगटावरचा सेन्सर हिरव्या प्रकाशाने त्वचेखालच्या रक्तप्रवाहातला बदल टिपतो. पट्टा सैल असेल तर तो ठोक्यांऐवजी पावलांची लय पकडतो. सोप्या धावेत पहिल्या दोन मिनिटांतच ठोके १६५-१७० वर जाऊन तिथेच अडकले आणि पावलांचा दरही तेवढाच दिसला, तर ती नोंद संशयास्पद समजावी. पट्टा मनगटाच्या हाडापासून थोडा वर, घट्ट बांधला की हा त्रास बराच कमी होतो.

दमट उन्हाळ्यात त्याच वेगाला ठोके जास्त पडतात. म्हणून मुंबईत किंवा कोकणात एप्रिल-मे महिन्यांत व्हीओटू मॅक्स दोन-तीन अंकांनी घसरलेला दिसला, तर लगेच दम कमी झाला असं समजायचं कारण नाही. काही घड्याळं उष्णतेचा हिशेब धरतात, सगळी नाही. बीटा-ब्लॉकर गटातली औषधं ठोके कमी ठेवतात. ती घेणाऱ्यांचा अंदाज वर जातो आणि लोड कमी दिसतो.

शिवाय हा लोड हृदयाचा आहे, गुडघ्यांचा नाही. डोंगर उतरताना ठोके कमी असतात, पण मांड्यांच्या स्नायूंना मोठा मार बसतो. रिकव्हरी टाइम शून्य झाला तरी पाय दुखत असतील, तर पायांचं ऐकावं.

मग आकडे वाचायचे कसे?

सेटिंग थोडं चुकीचं असलं तरी ती चूक रोज सारखीच असते. त्यामुळे या आठवड्याचा लोड गेल्या चार आठवड्यांशी ताडून पाहणं बऱ्यापैकी बरोबर राहतं. मित्राच्या घड्याळावरच्या आकड्याशी तुलना मात्र निरर्थक ठरते. कमाल हृदयगती दुरुस्त केली की आकडे अचानक बदलतील आणि जुन्या-नव्या लोडची तुलना पुढचे सुमारे चार आठवडे बिघडेल. तोवर व्हीओटू मॅक्सची उडी ही प्रगती नसून फक्त दुरुस्ती आहे, हे लक्षात ठेवावं.