इंडेक्स फंड आणि सक्रिय म्युच्युअल फंड (भारत)

एखाद्या निर्देशांकात ज्या कंपन्या आहेत त्यांचेच शेअर, त्याच प्रमाणात घेऊन ठेवणारी म्युच्युअल फंडाची योजना म्हणजे इंडेक्स फंड. कोणता शेअर घ्यायचा आणि कोणता विकायचा हे ज्या योजनेत फंड व्यवस्थापक आपल्या अभ्यासाने ठरवतो, ती सक्रिय योजना. दोहोंच्या युनिटची किंमत (एनएव्ही) रोज जाहीर होते आणि दोहोंवर सेबीच्या म्युच्युअल फंड नियमावलीची देखरेख असते. या नोंदीत मुख्यतः निफ्टी ५० या निर्देशांकावरील फंड आणि त्यांच्याशी तुलना होऊ शकणारे लार्ज कॅप फंड यांचा विचार केला आहे.

इतिहास

सर्वसामान्य गुंतवणूकदारांसाठीचा पहिला इंडेक्स फंड जॉन बोगल यांनी १९७६ मध्ये अमेरिकेत व्हॅनगार्डतर्फे आणला. १५ कोटी डॉलर उभे करण्याचा बेत होता, जमले सुमारे १ कोटी १३ लाख. भारतात निफ्टी ५० हा निर्देशांक एप्रिल १९९६ मध्ये सुरू झाला आणि त्या दशकाच्या अखेरीस त्यावर आणि सेन्सेक्सवर आधारित योजना येऊ लागल्या. बाजारात शेअरप्रमाणे विकता-घेता येणारा पहिला भारतीय ईटीएफ, निफ्टी बीज, बेंचमार्क म्युच्युअल फंडाने डिसेंबर २००१ मध्ये आणला. कर्मचारी भविष्य निर्वाह निधी संघटनेने ऑगस्ट २०१५ पासून ईटीएफमध्ये पैसे घालायला सुरुवात केली. त्यामुळे ज्याने निर्देशांक हा शब्दही कधी ऐकला नाही असा कारखान्यातला कामगारही निर्देशांकातला गुंतवणूकदार झाला.

खर्च

योजनेचा वार्षिक खर्च एनएव्हीतून रोज थोडा थोडा वजा होतो. गुंतवणूकदाराच्या हाती त्याचे बिल कधीच पडत नाही, आणि म्हणूनच हा खर्च वर्षानुवर्षे नजरेआड राहतो. एप्रिल २०१९ पासून लागू झालेल्या रचनेत सक्रिय इक्विटी योजनेला पहिल्या ५०० कोटी रुपयांच्या मालमत्तेवर जास्तीत जास्त २.२५ टक्के खर्च आकारता येत असे. मालमत्ता वाढेल तशी ही मर्यादा खाली येत जाई. इंडेक्स फंड आणि ईटीएफ यांच्यासाठी मर्यादा १ टक्का होती, पण स्पर्धेमुळे निफ्टी ५० वरील डायरेक्ट प्लॅन त्याहून पुष्कळ स्वस्त झाले.

१ जानेवारी २०१३ पासून प्रत्येक योजनेत रेग्युलर आणि डायरेक्ट असे दोन प्लॅन असतात. दोहोंचे भागभांडार एकच असते. वितरकाचे कमिशन रेग्युलर प्लॅनच्या खर्चात असते, डायरेक्टमध्ये नसते. इंडेक्स आणि सक्रिय यांची तुलना करताना पुष्कळदा एका बाजूला डायरेक्ट आणि दुसऱ्या बाजूला रेग्युलर प्लॅन घेतला जातो. त्यात व्यवस्थापनाचा खर्च आणि सल्ल्याचा खर्च यांची सरमिसळ होते.

पुढील हिशेब ही सरमिसळ टाळून केला आहे. समजा, शेअर बाजार वीस वर्षे दरसाल १२ टक्के दराने वाढला, १० लाख रुपये एकरकमी गुंतवले आणि तिन्ही योजनांनी खर्चापूर्वी बाजाराइतकाच परतावा मिळवला. ०.२ टक्के खर्चाच्या इंडेक्स फंडात शेवटी सुमारे ९३ लाख रुपये होतात. ०.८ टक्के खर्चाच्या सक्रिय डायरेक्ट प्लॅनमध्ये सुमारे ८३ लाख ६० हजार, तर १.८ टक्के खर्चाच्या सक्रिय रेग्युलर प्लॅनमध्ये सुमारे ६९ लाख ८० हजार. पहिल्या आणि तिसऱ्या रकमेत २३ लाखांहून अधिक तफावत आहे. तिच्यातले सुमारे साडेनऊ लाख व्यवस्थापनावर गेले आणि उरलेले पावणेचौदा लाखांच्या आसपास वितरणावर. सक्रिय व्यवस्थापकाचे मोल ठरवायचे तर प्रश्न साडेनऊ लाखांचा आहे: खर्चापूर्वी दरसाल ०.६ टक्का जास्त परतावा त्याने वीस वर्षे टिकवला का?

शेअरच्या खरेदी-विक्रीवरील दलाली आणि रोखे व्यवहार कर यांचा बराच भाग जाहीर खर्च प्रमाणाच्या बाहेर राहतो. ज्या योजनेची उलाढाल मोठी, तिच्यावर हा भार अधिक.

ट्रॅकिंग एरर आणि ट्रॅकिंग डिफरन्स

इंडेक्स फंड निवडताना या दोन संज्ञांची गल्लत सर्वाधिक होते. निर्देशांकाच्या आणि फंडाच्या परताव्यातील वर्षाची सरळ वजाबाकी म्हणजे ट्रॅकिंग डिफरन्स. ही वजाबाकी रोज केली, तर रोजचे आकडे एकमेकांपासून किती विखुरलेले आहेत त्याचे माप म्हणजे ट्रॅकिंग एरर. रोजच्या फरकाचे प्रमाण विचलन काढून त्याला वर्षातील व्यवहार-दिवसांच्या वर्गमुळाने गुणतात. दिवस २५० धरले तर वर्गमूळ १५.८ येते, म्हणजे रोजचे विचलन ०.००५ टक्के असेल तर वार्षिक ट्रॅकिंग एरर सुमारे ०.०८ टक्के.

एखादा फंड दररोज अगदी सारख्या फरकाने मागे पडत राहिला आणि वर्षाअखेर निर्देशांकापेक्षा १ टक्का कमी देऊन गेला, तरी त्याचा ट्रॅकिंग एरर शून्य येईल, कारण फरकात चढउतार नाही. दुसरा फंड कधी थोडा पुढे, कधी थोडा मागे राहून वर्षाअखेर निर्देशांकाच्या बरोबरीने आला, तर त्याचा एरर अधिक दिसेल. गुंतवणूकदाराच्या खिशाला दुसरा फंड चांगला. एरर हे व्यवस्थापनाच्या शिस्तीचे माप आहे. पैसे किती कमी आले हे डिफरन्स सांगतो, आणि दीर्घ मुदतीसाठी पाहायचा आकडा तोच. सेबीने मे २०२२ च्या परिपत्रकाने इक्विटी इंडेक्स फंडांच्या ट्रॅकिंग एररला २ टक्क्यांची मर्यादा घातली आणि ट्रॅकिंग डिफरन्स एक, तीन, पाच, दहा वर्षांसाठी तसेच योजनेच्या आरंभापासून दर महिन्याला जाहीर करणे बंधनकारक केले. निफ्टी ५० सारख्या सहज खरेदी-विक्री होणाऱ्या निर्देशांकासाठी २ टक्के ही मर्यादा फारच सैल आहे.

फरक पडण्याचे पहिले कारण खर्च, आणि चांगल्या चाललेल्या फंडात डिफरन्स खर्च प्रमाणाच्या आसपासच राहतो. तो त्याहून ठळकपणे जास्त असेल तर हाताळणीत काहीतरी सैल आहे असे समजावे. बहुधा रोकड जास्त पडून असते. फंडाने १ टक्का रोकड ठेवली, बाजार वर्षात १५ टक्के वाढला आणि रोकडीवर ६ टक्के मिळाले, तर ०.०९ टक्के एवढ्यातच जातात. लाभांशाचेही तसेच आहे: टोटल रिटर्न निर्देशांक शेअर एक्स-डिव्हिडंड होतो त्याच दिवशी लाभांश पुन्हा गुंतवला असे धरतो, फंडाच्या खात्यात मात्र तो नंतर येतो. मार्च आणि सप्टेंबरअखेर निर्देशांकातील कंपन्या बदलतात, तेव्हा सगळे इंडेक्स फंड एकाच वेळी तेच शेअर घेऊ-विकू पाहतात. त्या दिवशीच्या बंद भावाजवळ व्यवहार झाला नाही तर फरक पडतो.

येस बँक प्रकरण (२०२०). निर्देशांकाची तंतोतंत नक्कल करणे फंडाला अशक्य झाले, असे हे भारतातील ठळक उदाहरण. येस बँक तेव्हा निफ्टी ५० मध्ये होती. ५ मार्च २०२० रोजी बँकेवर निर्बंध आले आणि १३ मार्चला पुनर्रचना योजना अधिसूचित झाली. तिच्यानुसार १०० हून अधिक शेअर असलेल्या भागधारकांचे ७५ टक्के शेअर तीन वर्षांसाठी गोठवले गेले. इंडेक्स फंडही या तरतुदीत सापडले. शेअरची वगळणी मार्चअखेर व्हायची होती, ती अलीकडे आणून १९ मार्चपासून त्याच्या जागी श्री सिमेंट घेण्यात आले. कागदावरच्या निर्देशांकातून येस बँक एका रात्रीत गेली, फंडांना मात्र चौथाईच शेअर विकता आले. उरलेले शेअर मार्च २०२३ पर्यंत, निर्देशांकात नसूनही, त्यांच्याजवळ राहिले. त्यांचा भाव वरखाली होई तसा फंडाचा परतावा निर्देशांकापासून किंचित इकडे-तिकडे सरके. बँकेचा भार निर्देशांकात तोवर अगदी लहान झालेला असल्याने रुपयांतले नुकसान मर्यादित राहिले. निर्देशांकातला एखादा मोठा शेअर असा अडकला असता तर हिशेब वेगळा झाला असता.

जुलै २०२३ मध्ये रिलायन्सपासून जिओ फायनान्शियल वेगळी झाली, तेव्हा ती शेअर बाजारात नोंदली जाऊन विकता येईपर्यंत निर्देशांकातच ठेवली गेली. निफ्टी ५० मध्ये काही आठवडे ५१ कंपन्या होत्या. फंडांना पाळता येईल असा नियम आधीच केला, तर फरक किती टळतो हे यातून दिसते.

दीर्घकालीन निष्पत्ती

विल्यम शार्प यांनी १९९१ मध्ये मांडलेला युक्तिवाद असा: सगळ्या सक्रिय गुंतवणूकदारांचा मिळून खर्चापूर्वीचा परतावा बाजाराइतकाच असतो, म्हणून खर्चानंतर सरासरी सक्रिय रुपया मागे पडलाच पाहिजे. भारताला हे लावताना एक मर्यादा ध्यानात घ्यावी लागते. येथे म्युच्युअल फंड म्हणजे संपूर्ण सक्रिय बाजार नव्हे. प्रवर्तक, परदेशी संस्था आणि स्वतः शेअर घेणारे लोक हेही बाजारात आहेत. त्यांच्यापैकी कोणी सातत्याने मागे पडत असेल, तर फंड एक गट म्हणून पुढे राहू शकतात. भारतीय फंडांच्या जुन्या चांगल्या कामगिरीचा काही भाग असा असावा, असे एक मत आहे.

दुसरा भाग मोजमापाचा होता. १ फेब्रुवारी २०१८ पूर्वी योजना आपली तुलना लाभांश न धरणाऱ्या निर्देशांकाशी करू शकत. फंडाच्या परताव्यात लाभांश असे, निर्देशांकाच्या नसे. निफ्टीचा लाभांश दरसाल एक-दीड टक्क्याच्या घरात धरला, तर काहीही न करता तेवढी आघाडी दिसे. सेबीने त्या दिवसापासून टोटल रिटर्न निर्देशांक सक्तीचा केला. त्याआधी, ऑक्टोबर २०१७ च्या परिपत्रकाने लार्ज कॅप योजनेला किमान ८० टक्के रक्कम बाजारमूल्याने पहिल्या १०० कंपन्यांतच ठेवणे बंधनकारक झाले होते. पूर्वी मिड कॅप शेअर मिसळून मिळणारी आघाडी त्यामुळे आकुंचन पावली.

एस अँड पी संस्थेच्या स्पिव्हा अहवालांत बंद पडलेल्या आणि विलीन केलेल्या योजनाही हिशेबात धरल्या जातात. तसे न केल्यास अपयशी योजना यादीतून गळतात आणि उरलेल्यांची सरासरी फुगते. या अहवालांनुसार दहा वर्षांच्या मुदतीत निम्म्याहून अधिक भारतीय लार्ज कॅप फंड निर्देशांकाच्या मागे राहिले आहेत. एकेका वर्षाचे आकडे मात्र फार हेलकावतात. मिड आणि स्मॉल कॅपमध्ये चित्र इतके एकतर्फी नाही. तेथील निर्देशांकांची नक्कलही महाग पडते.

घसरणीत इंडेक्स फंडाला आडोसा नसतो. १४ जानेवारी २०२० ला १२,३६२ वर बंद झालेला निफ्टी २३ मार्चला ७,६१० वर आला, आणि त्यावरचे फंडही तेवढेच, सुमारे ३८ टक्के, घसरले. सक्रिय व्यवस्थापक रोकड वाढवून घसरण कमी करू शकतो, परंतु बाजार सावरताना तीच रोकड त्याला मागे खेचते.

ईटीएफ

ईटीएफचा भाव बाजारात ठरतो आणि तो एनएव्हीपेक्षा वर-खाली असू शकतो. उलाढाल कमी असलेल्या ईटीएफमध्ये हा फरक वर्षभराच्या खर्चापेक्षा मोठा निघू शकतो.

कर

दोन्ही प्रकारच्या इक्विटी योजनांना एकच नियम लागू आहेत. २३ जुलै २०२४ पासून वर्षाहून अधिक काळ ठेवलेल्या युनिटांवरील नफ्यावर, वार्षिक सव्वा लाखापुढे, १२.५ टक्के कर आहे. योजनेच्या आत व्यवस्थापकाने केलेल्या विक्रीवर युनिटधारकाला कर पडत नाही. जुन्या सक्रिय योजनेतून इंडेक्स फंडात जाताना मात्र ती विक्री धरली जाते.