तेंदूच्या हिशोबाची शीट बिघडली? मदत मागताना हे पाठवा

‘पुडक्यांचा हिशोब जुळत नाही, फॉर्म्युला सांगा.’ मे महिन्यात तेंदूपानांचा हंगाम सुरू झाला की असा मेसेज सहज येऊ शकतो. अडचण खरी असते, पण आकडे न पाहता कोणी सांगितलेला फॉर्म्युला चुकू शकतो आणि त्या चुकीने कोणाची तरी मजुरी कमी होते.

हिशोब काय असतो?

वनहक्क कायदा २००६ आणि पेसा कायद्यामुळे गडचिरोली जिल्ह्यातील अनेक ग्रामसभा तेंदूपाने स्वतः विकतात. ७० पानांचे एक पुडके आणि १,००० पुडक्यांची एक प्रमाण गोणी होते. दर कधी शंभर पुडक्यांवर, तर कधी गोणीवर सांगतात. त्यामुळे मदत मागताना दर कशाचा आहे, हे आधी लिहावे.

काय पाठवायचे?

कॉलमची नावे जशी शीटमध्ये आहेत तशीच पाठवा आणि खाली तीन-चार ओळी द्या. त्यात गडबड दिसणारी ओळ हवीच. खालचे आकडे आणि दर उदाहरणादाखल आहेत.

```
   A           B     C          D
1  दिनांक       कार्ड   पुडके       दर
2  06/05/2024  12    210        400
3  06/05/2024  27    180 पुडके   400
4  07/05/2024  12    150        400
```

सोबत लिहा: ‘तारखेत आधी दिवस, मग महिना. दर शंभर पुडक्यांचा. प्रत्येक कार्डाची एकूण मजुरी हवी. हाताने केल्यावर कार्ड १२ चे १,४४० रुपये येतात. गूगल शीट्स वापरतो.’

आता उत्तर देणारा नेमका फॉर्म्युला देऊ शकतो:

```
=SUMIF(B2:B4,12,C2:C4)/100*400
```

उत्तर १,४४० येते आणि हाताच्या हिशोबाशी जुळते. दर गोणीचा समजून त्याने १०० ऐवजी १,००० ने भागले असते, तर १४४ रुपयेच आले असते.

चूक कुठे लपते?

हाच फॉर्म्युला कार्ड २७ साठी लावला की उत्तर शून्य येते, कारण ‘180 पुडके’ हा शीटच्या दृष्टीने आकडा नसून मजकूर आहे. बेरजेत तो धरला जात नाही आणि शीट चूकही दाखवत नाही. त्या कार्डाचे ७२० रुपये गायब होतात. हे ओळखण्यासाठी दोन फॉर्म्युले लावून पाहा:

```
=COUNT(C2:C4)
=COUNTA(C2:C4)
```

पहिला फक्त आकडे मोजतो, तर दुसरा भरलेले सगळे रकाने मोजतो. इथे २ आणि ३ येतात, म्हणजे एका रकान्यात मजकूर आहे. तिथे फक्त 180 ठेवले की हिशोब जुळतो.

काय पाठवू नये?

मजुरांची नावे, आधार आणि बँक खाते क्रमांक काढून टाका. कार्ड क्रमांक ठेवला की पुरते. एकाच गावात एका नावाच्या दोघी असल्या, तरी त्यांचा हिशोब वेगळा राहतो.