नोकरी शोधत असल्याचे निवेदन कसे लिहावे?

नोकरी सुटली किंवा बदलायची झाली, की हल्ली अनेकजण लिंक्डइन वा फेसबुकवर चार ओळींचे निवेदन टाकतात. त्याखाली 'शुभेच्छा' असे पंचवीस-तीस प्रतिसाद येतात, मात्र एकही उपयुक्त निरोप येत नाही. याचे कारण बहुधा निवेदनातच असते. वाचणाऱ्याने नेमके काय करावे, हे त्यात सांगितलेलेच नसते.

असे निवेदन कोणासाठी लिहायचे, हे आधी समजून घ्यावे लागते. मार्क ग्रानोव्हेटर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने बोस्टनजवळच्या न्यूटन येथे ओळखीतून नोकरी मिळालेल्यांची पाहणी केली आणि १९७३ मध्ये तिचे निष्कर्ष मांडले. ज्याच्याकडून नोकरीचा सुगावा लागला, त्याच्याशी वारंवार गाठ पडत होती, असे सांगणारे सहापैकी जेमतेम एक होते. बाकीच्यांना ती वार्ता क्वचित किंवा अधूनमधून भेटणाऱ्यांनी दिली होती. घरच्यांना व जवळच्या मित्रांना जे ठाऊक असते, ते बहुधा आपल्यालाही ठाऊक असते. नवी बातमी येते ती दूरच्या वर्तुळातून. लिंक्डइनच्या सुमारे दोन कोटी सदस्यांवर पाच वर्षे झालेल्या प्रयोगांचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. अगदी घट्ट संबंधांपेक्षा काहीशा सैल ओळखी नोकरी मिळण्यास अधिक उपयोगी पडतात, असेच त्यांतून दिसले.

म्हणजे आपला खरा वाचक हा जुना सहकारी, महाविद्यालयातला वर्गबंधू किंवा एखाद्या पुरवठादार कंपनीतील परिचित असतो. त्याला आपली सदिच्छा असली, तरी आपण नेमके काय काम करतो हे त्याच्या लक्षात नसते. 'कोणतीही चांगली संधी असल्यास कळवा' हे वाक्य त्याच्यापुढे निरर्थक ठरते. कारण त्यावरून त्याला कोणतीही एक जागा वा एक व्यक्ती आठवत नाही.

एक उदाहरण पाहू. पुण्यातील एका लेखापालाने लिहिले, 'सहा वर्षांचा अनुभव आहे. मेहनती व प्रामाणिक आहे. नोकरीची गरज आहे, कृपया मदत करा.' तेच निवेदन असे लिहिता येईल :

'पुणे परिसरात वरिष्ठ लेखापाल किंवा सहायक लेखा व्यवस्थापक या पदाच्या शोधात आहे. वाहनांचे सुटे भाग बनविणाऱ्या कारखान्यात सहा वर्षे पुरवठादारांची बिले तपासणे आणि जीएसटीची विवरणपत्रे भरणे हे काम केले. आमचा विभाग बंद झाल्याने लगेच रुजू होऊ शकतो. चाकण, रांजणगाव किंवा तळेगाव येथील एखाद्या कारखान्याच्या लेखा विभागात आपल्या परिचयाचे कोणी असल्यास कृपया त्यांच्याशी ओळख करून द्यावी.'

यात पदे दोनच आहेत आणि ती एकाच वाटेवरची आहेत. पाच निरनिराळी पदे लिहिल्यास वाचणारा एकही लक्षात ठेवत नाही. पद व ठिकाण पहिल्याच वाक्यात आले आहे, कारण पडद्यावर सुरुवातीच्या दोन-तीन ओळीच दिसतात. उरलेला मजकूर उघडावा लागतो. नोकरी जाण्याचे कारण एका वाक्यात, तक्रारीचा सूर न लावता सांगितले आहे. शेवटची विनंतीही पाच मिनिटांत पूर्ण करता येण्याजोगी आहे. 'नोकरी लावून द्या' असे म्हटले, तर ते ओझे कोणी उचलत नाही.

कोणी आपल्या कंपनीत शिफारस करण्याची तयारी दाखविली, तर आधी स्वतः अर्ज करू नये. अनेक कंपन्यांत उमेदवाराचा अर्ज अगोदरच नोंदला गेला असल्यास कर्मचाऱ्याची शिफारस ग्राह्य धरली जात नाही. पद्धत कशी आहे, हे त्यालाच विचारून घ्यावे.

नोकरीत असणाऱ्यांनी मात्र जाहीर निवेदन टाळावे. लिंक्डइनवर 'ओपन टू वर्क' ही सूचना केवळ भरती करणाऱ्यांनाच दिसेल, अशी सोय आहे. तीही आपल्या कंपनीपासून पूर्णपणे लपून राहीलच, अशी हमी ते संकेतस्थळ देत नाही.

निवेदनानंतर भामट्यांचेही संदेश येतात. नोंदणी, प्रशिक्षण किंवा संगणकासाठी आधी पैसे मागितले, मुलाखतीविनाच नियुक्तिपत्र देऊ केले किंवा कंपनीच्या नावाने पण मोफत ई-मेल सेवेवरून पत्र आले, तर तेथेच थांबावे. मोबाइल क्रमांक व घरचा पत्ता निवेदनात देऊ नये. खासगी संदेशाची सोय पुरेशी असते.

दोन आठवड्यांत ओळख करून देणारा एकही संदेश आला नाही, तर तेच निवेदन पुन्हा टाकण्याऐवजी पद किंवा विनंती अधिक नेमकी करावी. नोकरी मिळताच तसे जाहीर करावे आणि ज्यांनी ओळख करून दिली, त्यांना स्वतंत्रपणे कळवावे. अन्यथा ते आपल्यासाठी शब्द टाकतच राहतात.