‘नवे काही उरत नाही तोपर्यंत’ : जर-तर नियमांवरून पुढे जाणाऱ्या निगमनाचा इतिहास

काही तथ्ये हाती आहेत आणि ‘जर असे असेल, तर तसे आहे’ अशा रूपाचे काही नियम ठरलेले आहेत. ज्या नियमाच्या सर्व अटी ज्ञात तथ्यांनी पुऱ्या होतात त्याचा निष्कर्ष तथ्यांच्या यादीत घालावयाचा, वाढलेल्या यादीवर नियम पुन्हा लावावयाचे, आणि नवे काहीच निघत नाही अशी फेरी आली की थांबावयाचे. संगणकशास्त्रात या रीतीस ‘फॉरवर्ड चेनिंग’ म्हणतात. येथे तिला अग्रगामी निगमन म्हणू. साध्य आधी धरून त्याची कारणे मागे शोधीत जाण्याची रीत हिच्या उलट दिशेची होय. अग्रगामी रीत ऐकताना अगदी सरळ वाटते. परंतु तिच्या वर्णनातील शेवटच्या अटीत, म्हणजे ‘नवे काही निघत नाही’ या शब्दांत, दोन प्रश्न दडलेले आहेत. अशी फेरी येईलच याची खात्री काय? आणि ती आली, तर खरोखरच सर्व काही निघून झाले असे मानावे काय? प्रस्तुत लेखात या दोन प्रश्नांचा इतिहास पाहावयाचा आहे.

पहिल्या प्रश्नाचे मूळ एमिल पोस्ट या अमेरिकन तर्कशास्त्रज्ञाच्या कार्यात सापडते. आरंभीच्या काही चिन्हमाला द्याव्यात, एका रूपाच्या मालेवरून दुसऱ्या रूपाची माला निर्माण करणारे नियम द्यावेत, आणि त्यांतून जे जे निघेल ते काढीत जावे, अशी रचना त्याने १९४३ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात मांडली. या नियमांना त्याने ‘प्रॉडक्शन’ म्हटले, आणि पुढे नियमाधारित संगणक-प्रणालींस मिळालेले ‘प्रॉडक्शन सिस्टिम’ हे नाव तेथूनच आले. १९४४ सालच्या निबंधात त्याने या रचनेची मर्यादाही स्पष्ट केली. नियमांनी निर्माण होणारे काही संच असे असतात की, एखादी वस्तू त्यांत आहे की नाही हे ठरविणारी सार्वत्रिक रीत अस्तित्वातच नसते. वस्तू संचात असेल तर निर्माणाच्या ओघात ती केव्हातरी पुढे येईल. नसेल तर आपण वाटच पाहत राहू. थोडक्यात, नियमांवर कोणतेही बंधन नसेल तर शेवटच्या फेरीची हमी देता येत नाही.

ही हमी हवी असल्यास नियमांवर कोणते बंधन घालावे, हा प्रश्न पुढे डेटाबेसच्या अभ्यासकांपुढे आला. एडगर कॉड याने १९७० साली माहिती कोष्टकांच्या रूपात मांडण्याची संबंधाधिष्ठित पद्धती सुचविली होती. १९७९ साली आल्फ्रेड आहो व जेफ्री उलमन यांनी दाखवून दिले की, या पद्धतीच्या बीजगणितात एक साधा प्रश्न विचारताच येत नाही : पिता-पुत्रांच्या नोंदींवरून ‘कोण कोणाचा पूर्वज’ याचे पूर्ण उत्तर. पिढ्या किती हे आधी ठाऊक नसते, आणि बीजगणितातील सूत्र मात्र ठराविक लांबीचे असते. अशा प्रश्नांसाठी जर-तर नियमांची जी भाषा रूढ झाली तिला ‘डेटालॉग’ हे नाव मिळाले. नियमाने नवी व्यक्ती किंवा नवी संख्या घडवावयाची नाही, नोंदींत आलेल्या नावांचीच जुळणी करावयाची, हे तिचे मुख्य बंधन होय.

हे बंधन काय साधते ते उदाहरणाने पाहू. पेशवे घराण्यातील पाच नोंदी घ्याव्यात : बाळाजी विश्वनाथ हे बाजीरावांचे पिता, बाजीराव हे नानासाहेबांचे, नानासाहेब हे माधवरावांचे आणि नारायणरावांचेही, व नारायणराव हे सवाई माधवरावांचे. नियम दोनच आहेत. पहिला : क हा खचा पिता असेल, तर क हा खचा पूर्वज. दुसरा : क हा खचा पिता आणि ख हा गचा पूर्वज असेल, तर क हा गचा पूर्वज.

पहिल्या फेरीत पाच पूर्वज-संबंध मिळतात. ते पिता-पुत्रांचेच आहेत. दुसऱ्या फेरीत दोन पिढ्यांच्या अंतराचे चार, तिसऱ्या फेरीत तीन पिढ्यांचे तीन, आणि चौथ्या फेरीत बाळाजी विश्वनाथ ते सवाई माधवराव हा एकच संबंध मिळतो. पाचवी फेरी रिकामी जाते. एकूण संबंध तेरा. थांबणे येथे अटळ होते, कारण नावे सहाच आहेत. सहा नावांच्या क्रमित जोड्या छत्तीसच होतात, आणि यादीत घातलेली जोडी पुन्हा काढली जात नाही. मर्यादित जागेत केवळ वाढत जाणाऱ्या संचाची वाढ केव्हातरी खुंटलीच पाहिजे.

ज्या संचावर नियम लावले असता तोच संच परत मिळतो त्यास गणितात स्थिरबिंदू म्हणतात. मार्टेन व्हॅन एम्डेन व रॉबर्ट कोवाल्स्की यांनी १९७६ साली दाखविले की, अशा नियमांचा तार्किक अर्थ आणि फेऱ्या-फेऱ्यांनी मिळणारा सर्वांत लहान स्थिरबिंदू या दोन्ही गोष्टी एकच आहेत. आल्फ्रेड टार्स्की याने १९५५ साली प्रसिद्ध केलेला स्थिरबिंदूविषयीचा सिद्धांत त्यांच्या विवेचनाच्या पाठीशी होता. फेरीत निघते ते सर्व तर्काने सिद्ध असते आणि तर्काने सिद्ध होणारे काहीही सुटत नाही, असा या निष्पत्तीचा आशय आहे.

परंतु श्रमांचा हिशेब अजून उरतोच. प्रत्येक फेरीत सर्व नियम सर्व तथ्यांवर लावले, तर वरील उदाहरणात पाच फेऱ्यांत अनुक्रमे पाच, नऊ, बारा, तेरा व तेरा, म्हणजे एकूण बावन्न वेळा निष्कर्ष काढावे लागतात. हाती राहतात तेरा. फ्रान्स्वा बान्सिलाँ व रघु रामकृष्णन यांनी १९८६ साली अशा प्रश्नांच्या रीतींचा जो तुलनात्मक आढावा घेतला, त्यात ही भोळी रीत आणि तिची सुधारलेली आवृत्ती या दोन्ही आहेत. सुधारणेचे तत्त्व असे : नव्या निष्कर्षाच्या मुळाशी मागील फेरीत प्रथमच मिळालेले एखादे तरी तथ्य असलेच पाहिजे, नसते तर तो निष्कर्ष आधीच निघाला असता. म्हणून नियमाच्या पूर्वज-अटीत केवळ मागील फेरीची नवी भर ठेवावी. तसे केल्यास पाच, चार, तीन, एक व शून्य असे तेराच निष्कर्ष काढावे लागतात.

जुने काम पुन्हा करावयाचे नाही, हा विचार त्याआधी दुसऱ्या एका परंपरेतही उदयास आला होता. कार्नेगी मेलन विद्यापीठातील चार्ल्स फॉर्जी याने १९७९ सालच्या प्रबंधात व १९८२ सालच्या निबंधात ‘रेटे’ नावाची रीत मांडली. प्रॉडक्शन सिस्टिमचा बहुतेक वेळ कोणत्या नियमाच्या अटी पुऱ्या झाल्या हे ताडण्यात जातो, असे त्याचे निरीक्षण होते. म्हणून अर्धवट जुळलेल्या अटी एका जाळ्यात साठवून ठेवावयाच्या आणि नवे तथ्य आले की त्याचा परिणाम तेवढाच त्या जाळ्यातून पुढे न्यावयाचा, अशी योजना त्याने केली. मात्र दोन्ही परंपरांतील भेद विसरता कामा नये. प्रॉडक्शन सिस्टिममध्ये नियम तथ्ये पुसूही शकतो, आणि एका वेळी एकच नियम निवडला जातो. तेथे क्रम बदलला की परिणाम बदलू शकतो. डेटालॉगमध्ये संच केवळ वाढतो, म्हणून नियम कोणत्याही क्रमाने लावले तरी शेवट तोच येतो.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. समजा, दुसरा नियम असा लिहिला : क हा खचा पूर्वज आणि ख हा गचा पूर्वज असेल, तर क हा गचा पूर्वज. अर्थाने तो निर्दोष आहे. पण त्यात पूर्वज-अट दोनदा आली आहे, आणि ‘नवी भर तेवढीच घ्या’ हे तत्त्व उतावीळपणे दोन्ही ठिकाणी लावले, तर काय होते ते पाहण्यासारखे आहे. पहिल्या फेरीत एका पिढीचे पाच संबंध येतात. दुसऱ्या फेरीत दोन पिढ्यांचे चार येतात. तिसऱ्या फेरीत नवे आणि नवे जोडल्याने दोन अधिक दोन म्हणजे चार पिढ्यांचा एक संबंध येतो, आणि चौथी फेरी रिकामी जाते. गणना दहावर थांबते. तीन पिढ्यांचे तीनही संबंध कायमचे सुटतात, कारण त्यांस एक जुने व एक नवे तथ्य एकत्र यावे लागते. कोठेही त्रुटीची सूचना मिळत नाही. ‘नवे काही नाही’ हे वाक्य येथेही खरेच असते. म्हणून नवे-जुने, जुने-नवे आणि नवे-नवे अशा तिन्ही जोड्या घेणे आवश्यक आहे. दोष ओळखण्याचा उपायही सोपा आहे : शेवटी सर्व नियम संपूर्ण यादीवर एकदा भोळ्या रीतीने लावून पाहावेत. एकही नवे तथ्य निघाले, तर ते थांबणे खोटे होते.

‘काही निघत नाही’ आणि ‘नवे काही निघत नाही’ यांतील अंतरही ध्यानात घेतले पाहिजे. नक्कलकाराच्या चुकीने सवाई माधवराव हे बाळाजी विश्वनाथांचे पिता अशी नोंद शिरली असे मानू. मूळच्या दोन नियमांनी पाच फेऱ्यांत तीस संबंध मिळतात. सहाव्या फेरीत सहा निष्कर्ष निघतात, पण ते सर्व आधीच यादीत असतात. जुन्या यादीशी ताडून पाहण्याची व्यवस्था नसेल तर हे चक्र अखंड फिरत राहील. असेल तर गणना नीट थांबते, आणि पाच व्यक्ती स्वतःच्याच पूर्वज ठरल्याचे पाहून नोंदीतील चूकही हाती लागते. मात्र नियमात पिढ्यांची संख्या मोजून प्रत्येक वेळी एक मिळवीत गेलो, तर सहा, सात, आठ अशी प्रत्येक संख्या खरोखरच नवी असते. तेथे डेटालॉगचे बंधन मोडलेले असते आणि आपण पोस्टच्या मूळ अडचणीकडे परत येतो.

अखेरची मर्यादा नकाराची आहे. ‘ज्याचा पूर्वज यादीत नाही तो मूळपुरुष’ असा तिसरा नियम घातला आणि तो आरंभीच लावला, तर पूर्वजांची यादी रिकामी असल्यामुळे सहाही जण मूळपुरुष ठरतात, आणि यादी केवळ वाढत असल्याने ती चूक पुढे पुसली जात नाही. क्रिस्टोफ आप्ट, हॉवर्ड ब्लेअर व एड्रियन वॉकर यांनी १९८८ साली प्रसिद्ध केलेल्या लेखात नियमांचे थर पाडण्याचा मार्ग विवरिला आहे : खालचा थर स्थिरबिंदूस पोहोचल्यावाचून त्याच्या अभावावर आधारलेला वरचा नियम लावू नये. पूर्वजांचे तेरा संबंध पूर्ण होऊ द्यावेत; मग तिसरा नियम एकट्या बाळाजी विश्वनाथांस मूळपुरुष ठरवितो.

तेही नोंदीपुरतेच, कारण त्यांच्याच नावात त्यांच्या पित्याचे नाव आहे. ते ज्या पाच नोंदींवरून आपण निघालो त्यांत नव्हते, एवढेच. स्थिरबिंदू गाठला याचा अर्थ दिलेल्या तथ्यांतून आणि दिलेल्या नियमांतून निघण्यासारखे संपले. तथ्ये पुरेशी होती की नाही, याचा निर्णय कोणतीही फेरी देत नाही. तो दप्तर चाळणाऱ्यानेच करावयाचा असतो.