बोधात्मक विसंवाद

आपले वागणे आणि आपली समजूत एकमेकांशी जुळेनाशी झाली की मनात जो अस्वस्थ ताण निर्माण होतो, त्याला बोधात्मक विसंवाद म्हणतात. घडलेले वागणे मागे घेता येत नसल्याने ताण कमी करण्यासाठी माणूस बहुधा समजूतच बदलतो. ही उपपत्ती अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंजर यांनी १९५७ मध्ये मांडली. तिचा एक धागा त्यांना बिहारच्या १९३४ च्या भूकंपानंतरच्या अफवांच्या अभ्यासात सापडला होता. धक्के बसले पण हानी झाली नाही, अशा भागांतले लोक याहून मोठे संकट येणार असल्याच्या अफवांवर विश्वास ठेवत होते. भीती आधीच मनात होती, अफवेने तिला साजेसे कारण पुरवले.

फेस्टिंजर आणि कार्लस्मिथ यांचा १९५९ चा प्रयोग प्रसिद्ध आहे. विद्यार्थ्यांकडून तासभर अत्यंत कंटाळवाणे काम करून घेण्यात आले. मग ‘काम मजेदार आहे’ असे पुढच्या व्यक्तीला सांगण्यासाठी काहींना १ डॉलर, तर काहींना २० डॉलर दिले. नंतर कामाबद्दल स्वतःचे मत विचारले असता उणे ५ ते अधिक ५ या मापावर २० डॉलरवाल्यांची सरासरी उणे ०.०५ आली, १ डॉलरवाल्यांची अधिक १.३५. वीस डॉलर हे खोटे बोलण्याचे पुरेसे कारण होते. एका डॉलरने ते भागत नव्हते, म्हणून काम खरेच बरे होते असे मनाने ठरवले.

हेच कुरकुंभच्या उदाहरणाने पाहता येते. दौंड तालुक्यातल्या या औद्योगिक वसाहतीत रासायनिक कारखाने आहेत. समजा, आसपासच्या गावातले दोन तरुण घरची शेती सोडून अशा कारखान्यात लागले आणि वासाची, आरोग्याची शंका दोघांच्याही मनात आहे. ज्याला भरपूर पगार आहे, तो ‘पैशासाठी करतो’ असे सरळ म्हणू शकतो. त्याची शंका शाबूत राहते. शेतीइतक्याच मिळकतीवर आपखुशीने आलेल्याला ती सोय नाही. ‘वासाची सवय होते’, ‘शेतीत तरी फवारणी कुठे चुकते?’ असे तो म्हणू लागतो. यातले दुसरे विधान खोटेही नाही. समर्थन बहुधा अशा अर्धसत्यांवरच उभे राहते. मात्र तो नाइलाजाने आला असेल, तर उपपत्तीनुसार विसंवाद कमी राहतो, कारण नाइलाज हेच कारण पुरते.

समर्थन ओळखण्याची खूण काळात असते : निवडीपूर्वी न सुचलेली कारणे निवडीनंतर सुचतात आणि सोडलेल्या पर्यायाचे दोषही तेव्हाच वाढतात. तरी प्रत्येक मतबदल विसंवादातून येत नाही. नोकरीच्या अनुभवातून खरी माहितीही मिळते.

आपखुशीने केले की नाइलाजाने, यावर विसंवाद ठरतो, या उपपत्तीच्या भागाला अलीकडे धक्काही बसला आहे. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ३९ प्रयोगशाळांच्या संयुक्त अभ्यासात स्वतःच्या मताविरुद्ध निबंध लिहिणाऱ्यांचे मत निबंधाकडे झुकले. पण लिहिण्याची मोकळीक जास्त दिली की कमी, याने अपेक्षित फरक पडला नाही.